दिवाळी अंकांची नोंदणी आणि अडकलेली पेमेंट्स : डिक्लाइन कोड वाचण्याचा अनुभव

पुण्यातल्या एका छोट्या वितरण संस्थेत मी काम करते. आम्ही दिवाळी अंकांचे संच घरपोच पाठवतो. ऑगस्टच्या अखेरीस नोंदणी सुरू होते, सप्टेंबरमध्ये तिला जोर येतो आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून पार्सलं निघतात. संकेतस्थळ, पेमेंट गेटवे आणि त्यांचा हिशेब हे काम माझ्याकडे आहे.

२०२४च्या सप्टेंबरच्या सुरुवातीलाच पेमेंट यशस्वी होण्याचं प्रमाण घसरताना दिसलं आणि पूर्ण महिन्याचा आकडा ६९.३ टक्के आला. ऑगस्टमध्ये ते ७७.१ होतं. नोंदणीच्या ऐन हंगामात जवळपास आठ टक्क्यांची घसरण म्हणजे चिंतेची गोष्ट होती. आमच्या सरांनी लगेच विचारलं, "कोणत्या बँकेचं बिघडलंय? की गेटवेच बदलायचा?" दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. छोट्या दुकानांना, प्रकाशकांना, शिकवणी चालवणाऱ्यांना यातलं बरंच लागू पडेल. बँकांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, क आणि ख एवढंच म्हणते.

पहिला प्रश्न असा की ६९.३ टक्के म्हणजे कशाचे टक्के? सप्टेंबरमध्ये आमच्याकडे ३,००० वेळा पेमेंटचा प्रयत्न झाला आणि त्यातले २,०७८ यशस्वी झाले. म्हणजे ९२२ फसले. आकडा मोठा वाटतो, पण हे प्रयत्न आहेत, माणसं नव्हेत. एकाच वाचकाने आधी कार्ड वापरून पाहिलं, ते चाललं नाही म्हणून पुन्हा पाहिलं आणि शेवटी मुलाच्या फोनवरून यूपीआयने पैसे भरले, तर त्याचे दोन प्रयत्न फसलेले आणि एक यशस्वी मोजला जातो. आम्हाला मात्र पूर्ण पैसे मिळालेले असतात. म्हणून ऑर्डर क्रमांकाप्रमाणे पुन्हा मोजलं. एकूण ऑर्डरी २,३८० होत्या आणि पैसे आलेल्या २,०६०, म्हणजे ८६.६ टक्के. (२,०७८ आणि २,०६० मधला १८चा फरक म्हणजे ज्यांचे पैसे दोनदा आले ते. त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.) खरंखुरं नुकसान ३२० ऑर्डरींचं होतं. हे दोन्ही आकडे लागतात. ऑर्डरींचा आकडा नुकसान किती ते सांगतो आणि प्रयत्नांचा आकडा अडचण कुठे आहे ते दाखवतो. एकमेकांच्या जागी ते वापरले की गोंधळ होतो. गेटवेचा डॅशबोर्ड सहसा फक्त प्रयत्नांचा आकडा दाखवतो, हेही ध्यानात असू द्या.

मग पेमेंटच्या पद्धतीप्रमाणे फोड केली. डॅशबोर्डवर 'यूपीआय' हा एकच रकाना दिसतो, पण त्याच्या आत दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. मोबाइलवर खरेदी करणारा 'ॲपने भरा' दाबतो आणि त्याचं यूपीआय ॲप थेट उघडतं. याला इंटेंट म्हणतात. संगणकावर बसलेला माणूस तेव्हा आपला यूपीआय आयडी टाइप करायचा, त्याच्या फोनवर मागणी जायची आणि त्याने ॲप उघडून ती मंजूर करायची असायची. हा कलेक्ट. डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये या दोन्हींसाठी वेगळा रकाना होता, म्हणून एक्सेलमध्ये असं साधं सूत्र पुरलं:

```
=COUNTIFS(C:C,"upi",D:D,"collect",F:F,"captured")/COUNTIFS(C:C,"upi",D:D,"collect")
```

इथे C म्हणजे पद्धत, D म्हणजे प्रकार आणि F म्हणजे स्थिती. captured म्हणजे यशस्वी झालेलं पेमेंट. तुमच्या फाइलमध्ये रकाने वेगळे असतील.

ऑगस्टमध्ये इंटेंटचे ५०० प्रयत्न होते आणि ८६ टक्के यशस्वी झाले होते. सप्टेंबरमध्ये प्रयत्न १,२०० झाले आणि प्रमाण तेच, ८६ टक्के. क्रेडिट कार्ड दोन्ही महिन्यांत ८२ टक्क्यांवर होतं. नेटबँकिंग ६६ वरून ६४ वर आलं होतं, म्हणजे फार काही नाही. कलेक्टचे प्रयत्न मात्र १०० वरून ८०० झाले होते आणि त्याचं प्रमाण ५५ वरून ५० टक्क्यांवर उतरलं होतं. डेबिट कार्डाचे प्रयत्न १५० वरून ५०० झाले होते आणि प्रमाण ७० वरून थेट ५८ वर आलं होतं.

इथे थांबून एक आकडेमोड केली आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उलगडा तिनेच झाला. समजा प्रत्येक पद्धतीचं प्रमाण ऑगस्टइतकंच राहिलं असतं आणि फक्त लोकांनी निवडलेल्या पद्धती सप्टेंबरसारख्या बदलल्या असत्या, तर एकूण प्रमाण किती आलं असतं? इंटेंटचे १,०३२, कलेक्टचे ४४०, डेबिट कार्डाचे ३५०, क्रेडिट कार्डाचे १६४ आणि नेटबँकिंगचे १९८ मिळून २,१८४, म्हणजे ७२.८ टक्के. याचा अर्थ ७.८ टक्क्यांच्या घसरणीतले ४.३ टक्के कुठेही काहीही न बिघडता आलेले होते. जास्त लोक कमी यशाच्या पद्धतीकडे वळले होते, इतकंच. उरलेले ३.५ टक्के तेवढे खरोखर बिघडलेले.

लोक तिकडे का वळले तेही कळलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही जुन्या वर्गणीदारांना ईमेल पाठवली होती. त्यातले बरेच जण साठीच्या पुढचे आहेत. ईमेल संगणकावर उघडतात, तिथूनच दुव्यावर जातात आणि मोबाइलऐवजी संगणकावरच पैसे भरायला बसतात. म्हणजे कलेक्ट, नाहीतर डेबिट कार्ड.

गेटवे बदलायचा विषय इथेच मागे पडला. आता फसण्याची कारणं हवी होती.

आमच्या फाइलमध्ये कारणाचा रकाना होता, पण त्यात बहुतेक ठिकाणी 'पेमेंट अयशस्वी' अशा अर्थाचं एकच मोघम वाक्य होतं. पेमेंट का नाकारलं ते सांगणारा, बँकेने पाठवलेला मूळ डिक्लाइन कोड नव्हता. गेटवेच्या मदत विभागाकडे तिकीट टाकलं. पहिलं उत्तर आलं की ग्राहकाने आपल्या बँकेशी संपर्क साधावा. मी पुन्हा लिहिलं, यावेळी पाच व्यवहारांचे क्रमांक दिले आणि नेमकं मागितलं : कार्डांसाठी जारीकर्त्या बँकेचा रिस्पॉन्स कोड, यूपीआयसाठी ती यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयचा रिस्पॉन्स कोड आणि पैसे देणाऱ्याच्या बँकेचं नाव. या शब्दांत मागितल्यावर तिकीट वरच्या विभागाकडे गेलं. गणपती मध्ये आल्याने वाट पाहावी लागली, पण विसर्जनानंतरच्या आठवड्यात ते रकाने अहवालात चालू करून मिळाले आणि महिन्याच्या सुरुवातीपासूनचे मिळाले. त्यासाठी पैसे पडले नाहीत. तुम्हालाही हेच रकाने मागावे लागतील.

फाइल उघडताना एक काळजी घ्या. सीएसव्हीवर सरळ डबल क्लिक केलं की एक्सेल `05` चा 5 करतं आणि बारा आकडी आरआरएन 4.27E+11 असा दाखवतं. त्याऐवजी 'डेटा' मेनूतून फाइल आयात करा आणि कोड व आरआरएनचे रकाने 'टेक्स्ट' म्हणून निवडा. आरआरएन म्हणजे बँकेकडे तो व्यवहार ज्या क्रमांकाने सापडतो तो. पुढे प्रत्येक तक्रारीत तोच लागतो.

कोड आल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरल्या त्या रिकाम्या जागा. कार्डांच्या बऱ्याच फसलेल्या प्रयत्नांसमोर कोडच नव्हता. माझा मामेभाऊ एका सहकारी बँकेच्या कार्ड विभागात आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, रिकामं म्हणजे माहिती गहाळ नाही. व्यवहार आमच्यापर्यंत मंजुरीसाठी आलाच नाही." कार्डाचा ऑनलाइन व्यवहार दोन टप्प्यांत होतो. आधी ओटीपीने ओळख पटवायची आणि मग बँकेने रक्कम मंजूर करायची. `51` किंवा `57` असे दोन आकडी कोड दुसऱ्या टप्प्यातच तयार होतात. ओटीपी आला नाही, चुकला, किंवा माणसाने पान बंद केलं तर गाडी पहिल्याच टप्प्यावर थांबते आणि कोड जन्मालाच येत नाही. म्हणून रिकाम्या जागांचा मी 'ओटीपीपाशी अडकलेले' असा वेगळा गट केला. नेटबँकिंगला तर असे सर्वमान्य कोडच नाहीत. बँकेच्या पानावर गेलेला माणूस परतला की नाही, एवढंच कळतं. म्हणून नेटबँकिंग मी बाजूला ठेवलं.

आता कलेक्ट. ८०० पैकी ४०० फसले होते. त्यातले २३६ `U69` होते, म्हणजे मागणीची मुदत संपली. ग्राहकाने नाही म्हटलं नाही, पिन चुकवला नाही, बँकही बंद नव्हती. फोनवर गेलेली मागणी कोणी उघडलीच नाही. `ZA`, म्हणजे ग्राहकाने स्वतः नाकारलेले, ४० होते. `Z9`, खात्यात पुरेसे पैसे नाहीत, ४८. `ZM`, पिन चुकीचा, ३१. चुकीचा आयडी टाइप केलेले १२. बँक किंवा यंत्रणेकडची तांत्रिक अडचण फक्त ३३ ठिकाणी होती.

हे आकडे पाहिल्यावर सरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. आठशे प्रयत्नांत तांत्रिक कारणाने फसलेले चार टक्क्यांच्या आसपास होते आणि केवळ वाट पाहून बाद झालेले जवळजवळ तीस टक्के. काही वर्गणीदारांना फोन केले. बहुतेकांचं म्हणणं एकच होतं. आयडी टाकल्यावर संगणकाच्या पडद्यावर काहीतरी होईल म्हणून ते तिथेच बघत बसले. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. ज्यांच्या ॲपच्या सूचना बंद होत्या त्यांना तर काही आलंय हेच कळलं नाही. आमच्या पानावर 'तुमच्या फोनवरची विनंती मंजूर करा' असं लिहिलेलं होतं, पण इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत.

डेबिट कार्डाची गोष्ट याहून गुंतलेली निघाली. ५०० पैकी २१० फसले. `57` कोडचे ७४, ओटीपीपाशी अडकलेले ४८, `05` म्हणजे बँकेने कारण न सांगता नाकारलेले ३८, `51` म्हणजे अपुरी शिल्लक असलेले २२, `91` चे १८ आणि कार्डाची मुदत संपलेली किंवा क्रमांक चुकलेला असे १०.

बँकेप्रमाणे फोड केली तर क बँक सगळ्यांत वाईट दिसत होती. तिचे १२० प्रयत्न होते आणि यशस्वी झालेले जेमतेम ५१.७ टक्के. बाकी सगळ्या बँका मिळून ६० टक्के. एवढंच पाहून 'क बँकेची यंत्रणा कमकुवत आहे' असं कोणीही म्हणेल. पण कोडचा रकाना शेजारी ठेवला तर क बँकेच्या ५८ अपयशांपैकी ४१ एकट्या `57` चे होते. `57` सोडून उरलेल्या प्रयत्नांत क बँकेचे ७९ पैकी १७ फसले होते, म्हणजे २१.५ टक्के. बाकी बँकांचे तसेच मोजले तर ३४७ पैकी ११९, म्हणजे ३४.३ टक्के. यंत्रणेच्या दृष्टीने बघायचं तर क बँक इतरांहून चांगली चालली होती!

`57` चा अर्थ 'या कार्डधारकाला हा व्यवहार करण्याची परवानगी नाही'. कार्ड खरं आहे, खातं चालू आहे, पैसे असतील किंवा नसतील, पण या प्रकारचा व्यवहार त्या कार्डावर बंद आहे. याचं मूळ रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२०च्या परिपत्रकात आहे. त्यानुसार नवं किंवा बदलून दिलेलं कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन वापर ग्राहकाने स्वतः चालू करायचा असतो. ज्या जुन्या कार्डांनी कधीच ऑनलाइन व्यवहार केला नव्हता, त्यांचाही ऑनलाइन वापर बंद करायला त्यात सांगितलं होतं. नियम सुरक्षेसाठी आहे आणि योग्यच आहे. पण आमच्या वर्गणीदारांत निवृत्तिवेतन घेणारे पुष्कळ आहेत, त्यातल्या अनेकांचं खातं क बँकेत आहे आणि डेबिट कार्ड त्यांनी आजवर एटीएमपुरतंच वापरलेलं आहे.

सांगलीच्या एका निवृत्त शिक्षकांशी बोलले. ते वैतागले होते. "अहो ताई, कार्ड चालतंय की! कालच एटीएममधून पैसे काढलेत. तुमच्याच साइटला काहीतरी झालंय." मी म्हटलं, "काका, एटीएमचा दरवाजा उघडा आहे, ऑनलाइनचा बंद आहे. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये बघता का?" त्यांनी नातीला हाक मारली. तिला 'ऑनलाइन व्यवहार' नावाचं बटण सापडलं आणि ते बंदच होतं. ते चालू केलं तरी पेमेंट गेलं नाही, कारण बटणाखाली रोजची मर्यादा शून्य होती. मर्यादा पाच हजार केली आणि पुढच्या प्रयत्नाला पैसे आले. म्हणून `57` आलेल्या माणसाला बटण आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी तपासायला सांगा.

खऱ्या अर्थाने बँकेकडून बिघडलेलं म्हणता येईल असं आमच्या फाइलमध्ये एकच ठळक उदाहरण होतं. `91` म्हणजे जारीकर्त्या बँकेची यंत्रणा उत्तर देत नाही. १८ पैकी १५ ख बँकेचे होते. वेळेचा रकाना लावून पाहिल्यावर पंधराच्या पंधरा २१ सप्टेंबरच्या शनिवारी रात्री साडेअकरा ते एक या दीड तासातले निघाले. देखभालीसाठी बँका सहसा अशीच वेळ निवडतात. महिन्याचं सरासरी प्रमाण पाहिलं असतं तर ख बँक 'जरा कमी' एवढंच दिसलं असतं. आम्ही नेमकी त्याच शनिवारी रात्री नऊला आठवणीची ईमेल पाठवली होती. तेव्हापासून ती सकाळी दहाला जाते.

तुमच्या आकड्यांत एखाद्या बँकेचं तांत्रिक अपयश जास्त दिसलं तर ताडून पाहायला एक चांगली सोय आहे. एनपीसीआय दर महिन्याला यूपीआयची बँकवार आकडेवारी आपल्या संकेतस्थळावर देते. त्यात मंजूर व्यवहारांचं प्रमाण असतं आणि नाकारलेल्यांचे दोन भाग केलेले असतात : बीडी म्हणजे बिझनेस डिक्लाइन आणि टीडी म्हणजे टेक्निकल डिक्लाइन. चुकीचा पिन, मर्यादा ओलांडणं अशी ग्राहकाशी किंवा नियमांशी जोडलेली कारणं बीडीमध्ये येतात, तर बँकेची किंवा एनपीसीआयची यंत्रणा उपलब्ध नसणं, नेटवर्कची अडचण ही टीडीमध्ये. देशभरात त्या बँकेचं टीडी नगण्य असेल आणि फक्त तुमच्याकडे जास्त दिसत असेल, तर शोध आपल्या किंवा गेटवेच्या बाजूला घ्यायचा.

मात्र ही तुलना करताना एका जागी फसगत होते. यूपीआय आयडीच्या शेवटी `@okaxis`, `@ybl` असं जे असतं, त्यावरून बँक ओळखू नका. `@okaxis` हे गुगल पेचं हँडल आहे आणि `@ybl` फोनपेचं. त्या हँडलमागची बँक ॲपला यूपीआयशी जोडून देते, पण पैसे ज्या खात्यातून जातात ते खातं कुठल्याही बँकेचं असू शकतं. कोल्हापूरच्या सहकारी बँकेत खातं असणारा माणूसही `@okaxis` वापरत असतो. आमच्या फाइलमधला 'बँक' रकाना यूपीआयपुरता या हँडलवरूनच भरलेला होता. म्हणून तर पैसे देणाऱ्याच्या बँकेचं नाव वेगळं मागून घ्यावं लागलं. ते मिळेपर्यंत हँडलवार फोड ही ॲपची तुलना समजायची, बँकेची नव्हे.

ऑक्टोबरच्या १ तारखेपर्यंत तीन बदल केले. संगणकावर उघडलेल्या पानावर यूपीआय निवडलं की आयडीच्या चौकटीआधी क्यूआर कोड दिसू लागला. `57` आला की पडद्यावर मराठीत ठळक सूचना येऊ लागली : 'तुमच्या कार्डावर ऑनलाइन व्यवहार बंद आहेत. बँकेच्या ॲपमध्ये ते चालू करा आणि मर्यादा तपासा, किंवा खालचा क्यूआर स्कॅन करा.' `51` साठी मात्र इतकं थेट लिहिलं नाही. शिल्लक कमी आहे हे घरच्यांसमोर पडद्यावर झळकावं, असं कोणालाच वाटत नाही. तिथे 'दुसऱ्या खात्यातून किंवा पद्धतीने भरून पाहा' एवढंच ठेवलं. तिसरा बदल म्हणजे अडकलेल्या ऑर्डरींना तासाभराने पेमेंटचा दुवा एसएमएसने जाऊ लागला. तो मोबाइलवर उघडतो, त्यामुळे आपोआप इंटेंटकडे जातो. संकेतस्थळाचं काम पाहणाऱ्या मुलाने या सगळ्याचे सहा हजार रुपये घेतले.

ऑक्टोबरच्या पहिल्या वीस दिवसांत क्यूआरचे ६४० प्रयत्न झाले आणि ४९३ यशस्वी, म्हणजे ७७ टक्के. कलेक्टच्या ५० टक्क्यांपुढे हे फारच सुंदर दिसतं, पण ही तुलना जशीच्या तशी घेऊ नका. कलेक्टमध्ये आयडी टाकताक्षणी प्रयत्न मोजला जायचा. आमच्या गेटवेवर क्यूआर नुसता पडद्यावर दिसल्याने प्रयत्न मोजला जात नव्हता, स्कॅन केल्यावरच मोजला जायचा. म्हणजे जे लोक पूर्वी `U69` होऊन छेदात बसायचे, ते आता मोजणीतच नव्हते. म्हणून पुन्हा ऑर्डरींकडे वळले. या वीस दिवसांत १,४१० ऑर्डरी आल्या आणि १,२७६ चे पैसे मिळाले, म्हणजे ९०.५ टक्के. सप्टेंबरचे ८६.६ होते. ही वाढ खरी धरते, पण सगळी बदलांमुळे झाली असं म्हणत नाही. दिवाळी जवळ आल्यावर नोंदणी करणारा माणूस जास्त चिकाटीने पैसे भरतो, हेही त्यात असणार.

`57` बद्दल थोडं जास्त खात्रीने सांगता येतं. सप्टेंबरमध्ये हा कोड ५१ ऑर्डरींना आला होता आणि त्यातल्या २२ चेच पैसे शेवटी आले. ऑक्टोबरमध्ये २९ ऑर्डरींना आला आणि २१ चे पैसे आले. आकडे लहान आहेत, पण फरक मोठा आहे आणि फोनवर लोक सांगतात त्याच्याशी तो जुळतो. एखाद्या गटात तीस-चाळीसपेक्षा कमी प्रयत्न असतील तर मी टक्केवारी काढतच नाही. एकेक व्यवहार उघडून वाचते.

आता ते दोनदा पैसे आलेले १८ जण. यूपीआयमध्ये खात्यातून पैसे गेले पण उत्तर वेळेत परतलं नाही, तर आमच्याकडे व्यवहार आधी फसलेला दिसतो आणि थोड्या वेळाने यशस्वी होतो. मधल्या काळात घाबरलेल्या ग्राहकाने दुसऱ्यांदा भरलेलं असतं. असा फोन आला की मी आरआरएन मागते. तो ग्राहकाच्या ॲपमध्ये व्यवहाराच्या तपशिलात बारा आकडी दिसतो, काही ॲपमध्ये त्याला यूटीआर म्हटलेलं असतं. कार्डाचा क्रमांक कधीच मागत नाही. पैसे दुकानापर्यंत पोचलेच नसतील तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे ते व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत आणि उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. हे सांगितलं की समोरचा आवाज पुष्कळ शांत होतो. पोचले असतील तर परतावा आम्हीच करतो. अठराही परतावे त्याच आठवड्यात केले. त्यातल्या कार्डाच्या व्यवहारांवरचं गेटवेचं शुल्क मात्र आम्हाला परत मिळालं नाही.

एक गट अजून उलगडलेला नाही : `05`. बँक नाही म्हणते आणि का ते सांगत नाही. धोक्याच्या तपासणीपासून अंतर्गत मर्यादेपर्यंत काहीही त्यात येऊ शकतं. परदेशातल्या मराठी वाचकांच्या कार्डांना तर हाच कोड सर्वाधिक येतो. सध्या मी एवढंच करते की तेच कार्ड त्याच दिवशी पुन्हा चाललं का ते शेवटचे चार आकडे आणि बँक जुळवून पाहते. सप्टेंबरच्या ३८ पैकी ११ नंतर चालले होते. त्या अकरांत दुसऱ्या वेळी काय वेगळं होतं, रक्कम, वेळ की फोन बदलला, हे तपासणं चालू आहे. त्यासाठी गेटवेकडे आणखी एक रकाना मागितला आहे आणि ते तिकीट अजून उघडं आहे.